सिन्नरमधल्या मेडिकलला नाव काय द्यावं?

प्रश्न: डी.फार्म. झालोय, रजिस्ट्रेशनही आलंय. सिन्नर गावठाणात गाळा घेतलाय. आजूबाजूला जुनी घरं आणि बहुतेक घरांत म्हातारी माणसं, मुलं नोकरीला नाशिक-पुण्याला. 'केअरप्लस वेलनेस फार्मा', 'श्री संजीवनी मेडिकल' आणि 'गोंदेश्वर मेडिकल' अशी तीन नावं डोक्यात आहेत. आजोबा इथल्याच शाळेत शिक्षक होते, पण त्यांच्या नावाने काढलं तर जुनाट वाटेल असं बायको म्हणते. वयस्कर गिऱ्हाइकांच्या लक्षात राहील आणि भरवसा वाटेल असं नाव कसं ठरवायचं?

उत्तर:

पंचवटीत माझं मेडिकल आहे, त्याला तीस वर्षं होऊन गेली. त्याआधी एक दुकान काढून त्याचं नाव चुकवलंही आहे, म्हणून थोडं अधिकाराने लिहितो.

तुमची ही गिऱ्हाइकं पाटी वाचून दुकानात येणारी नाहीत. त्यांच्या घरात काय घडतं ते डोळ्यांसमोर आणा. गुडघ्यांनी बेजार झालेली आजी ओट्यावर बसलेली आहे. शेजारचा पोरगा सायकल घेऊन निघालाय. ती त्याला हाक मारून सांगते, "अरे, त्या अमुक मेडिकलवर जा, आणि माझी बीपीची गोळी आण, छोटी पांढरी." त्या 'अमुक'च्या जागी तुमचं नाव बसायचं आहे. आजीला ते आयत्या वेळी आठवायला हवं, दातांच्या कवळीतून नीट उच्चारता यायला हवं, पोराला एकदा ऐकून कळायला हवं आणि कोपऱ्यावर पोहोचल्यावर त्याला तेच पाटीवर दिसायला हवं. नाव सुंदर आहे का, आधुनिक आहे का, हे प्रश्न त्यानंतरचे.

हे सगळं जागेवर अवलंबून आहे, हेही सांगतो. दुकान नाशिक-पुणे हायवेला असतं किंवा एखाद्या हॉस्पिटलच्या दाराशी असतं, तर मी म्हटलं असतं की नावावर इतका विचार करू नका, हिरव्या दिव्याचा क्रॉस मोठा लावा. तिथे लोक दिसेल त्या मेडिकलात शिरतात. गावठाणात तसं नसतं. तिथे बीपी आणि साखरेच्या गोळ्यांचं गिऱ्हाईक दर महिन्याला येतं, बऱ्याचदा स्वतः येत नाही, कुणाला तरी पाठवतं. आणि पाठवलेला माणूस तुमच्याच दुकानात पोहोचणं यात धंद्यापेक्षा मोठी गोष्ट अडकलेली असते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एक आजी पावलं सुजली म्हणून माझ्याकडे मलम मागायला आल्या. दोन्ही पायांना सारखी सूज, शिवाय उठताना चक्कर. मी म्हटलं, आधी गोळ्यांची पिशवी दाखवा. पिशवीत अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमच्या दोन पट्ट्या निघाल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एका गोळीचा आकार वेगळा, पट्टीचा रंग वेगळा. आजींच्या हिशेबाने ती दोन वेगळी औषधं होती आणि त्या रोज दोन्ही घेत होत्या. झालं होतं असं, की त्यांच्या भागात दोन मेडिकल होती आणि दोघांच्या नावाचा पहिला शब्द एकच होता. आजी तो एक शब्द सांगायच्या. आणायला जाणारा कधी या दुकानात जायचा, कधी त्या. एकाकडे एका कंपनीची गोळी, दुसऱ्याकडे दुसऱ्या. जुनी पट्टी संपायच्या आत नवी आली, की दोन्ही डब्यात. अ‍ॅम्लोडिपिनचा डोस वाढला की पावलांना सूज येते हे तुम्ही शिकला आहातच. मी त्यांना दोन्ही पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी एक बंद केली आणि सूज उतरली. त्या दोन दुकानदारांनी दिलेलं औषध चुकीचं नव्हतं, चिठ्ठीत होतं तेच दोघांनी दिलं होतं. घोळ सगळा नावाचा होता.

तेव्हापासून मी नावाला पहिला प्रश्न हाच विचारतो: हा शब्द या गावात औषधाच्या दुकानासाठी आधीच वापरात आहे का?

तुमचं 'श्री संजीवनी' इथेच अडेल असं वाटतं. अर्थ चांगला, शब्द सगळ्यांना माहीत, म्हणूनच तो सगळ्यांनी घेतलेला आहे. तपासायची सोपी युक्ती सांगतो. माल भरायला नाशिकला गोळे कॉलनीत जालच. तिथल्या ज्या स्टॉकिस्टकडे खातं उघडणार असाल, त्याच्या बिलिंगवाल्या मुलाला कॉम्प्युटरवर पार्टीच्या यादीत पहिली तीन अक्षरं टाकायला सांगा. जिल्ह्यातल्या त्या नावाच्या पार्ट्या गावासकट समोर येतात. सिन्नर तालुक्यात त्या नावाची एक जरी पार्टी निघाली तरी नाव सोडा. पुढेमागे 'श्री', 'न्यू' किंवा 'नवीन' जोडून वेगळेपण येत नाही, कारण बोलताना लोक ते सगळं गाळतात आणि उरतो तोच शब्द. वर तुमचं पार्सल त्याच्याकडे आणि त्याचं तुमच्याकडे उतरायला लागतं ते वेगळंच.

शब्दाला जोडलेल्या सवयींचाही विचार करा. सरस्वती म्हटलं की वह्या-पुस्तकांचं दुकान वाटतं, लक्ष्मी म्हटलं की साड्या नाहीतर सोनं, अन्नपूर्णा म्हटलं की खानावळ. धन्वंतरी म्हटलं की वयस्कर माणसांना आयुर्वेदिक काढे आठवतात. ती आत येऊन आधी च्यवनप्राशाची चौकशी करतात. देवाच्या नावाला माझी ना नाही, पण सिन्नर शिर्डीच्या वाटेवर आहे, साईबाबांच्या पालख्या तुमच्या गावावरूनच जातात, त्यामुळे तिथे 'साई' हा शब्द पाटीवर असून नसल्यासारखा झालेला असणार. आणखी एक. देवाचं नाव दुकानाला दिलं की ते पाकिटावर आणि पिशवीवर छापलं जातं, कुणीतरी सोबत देवाचा फोटोही टाकतं, आणि मग ती पिशवी कचऱ्यात टाकताना म्हाताऱ्या माणसांचा जीव खालीवर होतो. माझ्याकडे एक काका अशा रिकाम्या पिशव्या दुसऱ्या दुकानातून आणून "तुम्हीच विसर्जन करा" म्हणून देऊन गेले होते.

आता 'केअरप्लस वेलनेस फार्मा'. माझी स्वतःची चूक नेमकी याच जातीची होती. तरुण होतो, दोन इंग्रजी शब्द जोडून एक नाव केलं आणि फार अभिमान वाटला. दुकान एका बँकेच्या खाली होतं. सहा महिन्यांत सगळा भाग त्याला 'बँकेखालचं मेडिकल' म्हणू लागला. मी मनाशी म्हटलं, म्हणू दे. पुढे बँक दुसऱ्या इमारतीत गेली, आणि नवीन बँकेखाली जाऊन लोक माझं दुकान शोधू लागले. स्वतःचं नाव लोकांच्या तोंडी बसलं नाही की लोक तुम्हाला शेजाऱ्याच्या नावाने ओळखतात, आणि शेजारी काही कायमचा नसतो. डॉक्टरच्या किंवा दवाखान्याच्या नावावरून मेडिकलचं नाव ठेवणाऱ्यांचंही हेच होतं.

शिवाय 'फार्मा' हा शब्द माझ्या कानाला होलसेलवाल्याचा किंवा कंपनीचा वाटतो. आपल्याकडे औषधाच्या दुकानाला एकच शब्द आहे, मेडिकल. 'फार्मसी' शब्दाची तर नियमांतही भानगड आहे. १९४५ च्या औषध नियमांतल्या नियम ६५ मध्ये फार्मसी हे वर्णन दुकानातच औषध तयार करून देण्याची सोय असलेल्यांसाठी आहे. फार्मासिस्ट आहे पण औषध तयार करत नाही, त्यांच्यासाठी 'केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स'. तुम्हाला फार्मसी लिहायचंच असेल तर आधी औषध निरीक्षकांना विचारा. नाही तर वर मोठ्या अक्षरात 'अमुक मेडिकल' आणि खाली बारीक ओळ 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' हे पुरतं.

या इंग्रजी नावांची दुसरी अडचण कानाची आहे. वय वाढतं तसा माणूस आधी उंच पट्टीचे आवाज ऐकेनासा होतो. स, श, फ हे वर्ण त्याच पट्टीतले. फोनवर, तोही शेजारी टीव्ही चालू असताना, ते हवेत विरून जातात. याउलट ग, द, ब, म, न, र, ल आणि आ, ओ यांसारखे मोकळे स्वर बऱ्यापैकी पोहोचतात. याचा अर्थ नावात एकही 'स' चालणार नाही असं नाही. पण नावाची ओळख ज्या अक्षरावर उभी आहे ते अक्षर ऐकू येणारं हवं. 'केअरप्लस वेलनेस फार्मा'मधले 'स' आणि 'फ' ऐकू आले नाहीत तर काय उरतं ते म्हणून पाहा.

आणि मराठीत आणखी एक तपासता येतं: नावाला प्रत्यय लावून बघा. आपण दुकानाचं नाव नुसतं कधी घेत नाही. 'तिथून', 'त्यांच्याकडून', 'त्याच्या शेजारी' असं बोलतो. 'केअरप्लस वेलनेस फार्मामधून आणलं' हे वाक्य सत्तरीची बाई कधीही बोलणार नाही. 'पाटलांच्या मेडिकलातून आणलं' हे ती रोज बोलते. माणसाचं नाव किंवा माणसासारखं वागणारं नाव मराठी वाक्यात आपोआप बसतं, आणि त्या 'च्या'मुळे दुकान कुणाचं तरी होतं. म्हाताऱ्या माणसांचा भरवसा बहुतेक वेळा तिथून सुरू होतो. औषध खरं आहे की डुप्लिकेट, हे त्यांना पट्टी बघून कळत नाही. कुणाचं दुकान आहे हे कळतं, आणि काही चुकलं तर कुणाच्या दारात जाऊन विचारायचं हेही कळतं.

'गोंदेश्वर' तुमच्या तीनांत सगळ्यात बरं आहे. ऐकायला ठणठणीत आणि गावाच्या अभिमानाचं. पण गोंदेश्वर म्हटलं की सांगणाऱ्याच्या डोक्यात देवळाची दिशा उभी राहते. दुकान देवळाच्या वाटेवर असेल तर हे नाव तुमच्यासाठी फुकट काम करेल. दुकान दुसऱ्या टोकाला असेल तर बाहेरून आलेला नातू किंवा नवा रिक्षावाला देवळाकडे जाईल. तुमच्या वर्णनावरून गाळा नेमका कुठे आहे हे मला कळलं नाही, म्हणून हे तुम्हीच ठरवा.

आजूबाजूच्या खुणेचं नाव किती उपयोगी पडतं ते माझ्या भाच्याच्या वेळी पाहिलं. त्याने ओझरला मेडिकल काढलं तेव्हा 'निरामय', 'आरोग्यधाम' आणि 'बाणगंगा' अशी तीन नावं होती. बाणगंगा ही ओझरची नदी, आणि त्याचा गाळा नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी त्याला म्हटलं, आपण दोघं वाद घालत बसण्यापेक्षा विचारून घेऊ. त्याने संध्याकाळी कट्ट्यावर बसणाऱ्या पंधरा ज्येष्ठांशी गप्पा मारल्या. प्रत्येकाला एकच नाव सांगायचं, तेही बोलण्याच्या ओघात एकदाच: "इथे पुढे नवीन मेडिकल होतंय, निरामय नावाचं." एका नावाला पाच माणसं. तीन नावं एकाच माणसाला सांगून 'कोणतं आवडलं' असं विचारलं तर लोक तुमच्या तोंडाकडे बघून उत्तर देतात, त्याचा काही उपयोग नसतो. तीन दिवसांनी तो पुन्हा गेला आणि विचारलं, "काका, त्या नव्या मेडिकलचं नाव काय म्हणालो होतो मी?"

निरामय पाचातल्या एकाने नीट सांगितलं. दोघांनी निर्मल सांगितलं, एकाने चक्क निरामिष, एक साफ विसरला. आरोग्यधामची गंमत वेगळी झाली. तिघांना 'आरोग्य काहीतरी' आठवलं, आणि त्यातल्या दोघांनी ते सरकारी आहे का असं विचारलं. म्हणजे शब्द लक्षात राहिला होता पण दुकान म्हणून राहिला नव्हता. बाणगंगा चौघांनी बरोबर सांगितलं, आणि पाचवा म्हणाला, "नदीचं होतं ना काहीतरी." हा पाचवा माणूस मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण नाव विसरूनही तो दुकानात पोहोचला असता. पाच-पाच माणसं म्हणजे काही मोठा अभ्यास नव्हे, पण नाव कुठे मोडतं आणि मोडून त्याचं काय होतं ते एवढ्यात दिसतं. निर्मल नावाचं दुसरं मेडिकल गावात असतं तर निरामयची जवळजवळ निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली असती.

हीच परीक्षा तुम्ही करा. सोबत फोनची एक करा: घरातल्या वडीलधाऱ्यांना बाहेरून फोन लावा, स्टँडवरच्या गोंगाटातून नाव सांगा आणि त्यांना परत म्हणायला लावा. एकदा सांगून दोनदा "काय? काय?" आलं तर नाव बदला.

आता आजोबा. तुम्ही त्यांचा उल्लेख शेवटी आणि जरा संकोचाने केलाय, पण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात दमदार मुद्दा मला तोच वाटला. मात्र बायकोचं म्हणणंही अर्धं बरोबर आहे. पूर्ण नाव-आडनाव घातलं तर ते लांबलचक होतं आणि एखाद्या वाचनालयासारखं वाटतं. आणि काहीही झालं तरी औषधाच्या दुकानावर 'कै.' किंवा 'स्मृती' लिहू नका. औषध घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाने दारातच दिवंगत माणसाचं स्मरण का करावं? शाळेला ते शोभतं, मेडिकलला नाही.

नाव नको, त्यांना गाव काय म्हणायचं ते घ्या. शाळेतल्या माणसाला आपल्याकडे गुरुजी म्हणतात किंवा मास्तर. 'गुरुजी मेडिकल' ऐकायला फार छान आहे, ग, र, ज सगळी ठणठणीत अक्षरं, जोडाक्षर नाही. पण नाशिक जिल्ह्यात ते मी टाळेन. गंगापूर रोडला श्री गुरुजी रुग्णालय आहे, ते जिल्ह्यात माहीत आहे, आणि तुमचं दुकान त्यांचंच आहे असा समज होईल. मुद्दाम नसला तरी तो समज चुकीचाच. शिवाय त्र्यंबकेश्वर जवळ असल्यामुळे गुरुजी म्हणजे पूजा सांगणारे, हाही अर्थ इथे जिवंत आहे.

'मास्तर मेडिकल' पाहा. दोन्ही शब्द 'म'ने सुरू होतात, त्यामुळे एकाच्या मागे दुसरा येतो. मध्ये 'स्त' आहे खरा, पण तो नीट ऐकू आला नाही तरी 'मा…र मेडिकल' यातून मास्तर ओळखता येतो. 'मास्तरांच्या मेडिकलातून आण' हे वाक्य कुणालाही शिकवावं लागत नाही. आणि पहिल्याच दिवशी प्रत्येक म्हातारा विचारणार, "कोणते मास्तर?" त्यावर तुम्ही आजोबांचं नाव सांगायचं. तो म्हणेल, "अरे, तू त्यांचा नातू होय! मी त्यांच्या वर्गात होतो." ही ओळख पाटीवर लिहून होत नाही. आजोबांच्या हातून शिकलेली मुलं आज साठी-सत्तरीत असतील, म्हणजे नेमकी तुमची गिऱ्हाइकं.

यात धोका एकच, तो आधी तपासून घ्या. आजोबांबद्दल गावाचं मत काय आहे, हे घरच्यांना नाही, बाहेरच्यांना विचारा. छडीचे वळ आठवून लोक हसले तर उत्तम. पण जमिनीचा वाद, भाऊबंदकी, ग्रामपंचायतीचं राजकारण असं काही जुनं निघालं तर अर्धा गाव त्या नावाने बिचकेल. चुलत्यांनाही विचारा, उद्या चुलतभाऊ त्याच नावाने किराणा दुकान काढायला नको. आणि 'मास्तर' शब्द आजोबांना लोक खरोखर वापरत होते की नाही हे पक्कं करा. सर किंवा अण्णा म्हणत असतील तर तेच बघा. ओढूनताणून आणलेला मास्तर लोकांच्या लगेच लक्षात येतो.

आडनावाचा पर्याय तुम्ही दिला नाहीत, पण बरेच जण सुचवतील. आडनावाचं मेडिकल लक्षात चांगलं राहतं. गावात त्या आडनावाची पन्नास घरं असतील तर मात्र पुन्हा 'कोणत्या?' हा प्रश्न येतो आणि त्याला मास्तरांसारखं सोपं उत्तर नसतं.

नाव ठरलं की पाटी. २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी देवनागरी पाटी लागते, आणि दुसऱ्या लिपीतलं अक्षर देवनागरीपेक्षा मोठं चालत नाही. तुमच्या दृष्टीने हे फायद्याचंच आहे. अक्षराच्या उंचीचा पेंटर लोकांचा ठोकताळा असा, की दर १० फुटांच्या अंतराला १ इंच. साठ फुटांवरच्या कोपऱ्यावरून दिसायला हवं तर ६ इंच. मोतीबिंदू होऊ घातलेल्या डोळ्यांसाठी मी ते दुप्पट धरतो, म्हणजे एक फूट. एक फूट उंचीत 'मास्तर मेडिकल' साधारण सात फुटांत बसतं, म्हणजे आठ-दहा फुटी शटरवर एका ओळीत आरामात. 'केअरप्लस वेलनेस फार्मा'ला बारा फूट लागतील. म्हणजे एकतर अक्षर लहान करावं लागेल किंवा दोन ओळी. लांब नाव शेवटी पाटीवरही मार खातं.

रंग साधे ठेवा. पांढऱ्या किंवा पिवळ्यावर काळा किंवा गडद लाल. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळ्या-हिरव्यातला फरक पुसट होतो, म्हणून हिरव्या पाटीवर निळी अक्षरं नकोत, कितीही 'हॉस्पिटलसारखी' दिसली तरी. सरकत्या अक्षरांची एलईडी पट्टी तर मुळीच नको. पहिलं अक्षर वाचेपर्यंत ते निघून जातं. ग्लो साईनवाला वेलबुट्टीचा फॉन्ट दाखवेल, तोही नको. त्यात 'स्त' एक काळा ठिपका होऊन बसतो. आणि पांढऱ्यावर लाल क्रॉस काढू नका. कितीही दुकानांवर दिसला तरी ते रेड क्रॉसचं चिन्ह आहे आणि १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे. हिरवा क्रॉस लावा.

पाटीपेक्षा जास्त वेळ तुमचं नाव त्यांच्या नजरेसमोर असेल ते पाकिटावर. म्हातारी माणसं गोळ्यांचं पाकीट फेकत नाहीत, महिनाभर डब्यात जपतात, पट्टी संपली की तेच पाकीट नातवाच्या हातात देतात. म्हणून पाकिटाच्या वरच्या तिसऱ्या भागात फक्त 'मास्तर मेडिकल' आणि फोन नंबर, दोन्ही ठळक. खाली सकाळ-दुपार-रात्र लिहायला मोकळी जागा. कंपन्या जाहिरातीची पाकिटं फुकट देतात. घेऊ नका, त्यावर तुमचं नाव कोपऱ्यात रबरी शिक्क्यात उरतं. फोन उचलल्यावर 'हॅलो'च्या आधी 'मास्तर मेडिकल' म्हणायची सवय लावा, म्हणजे चुकून दुसरीकडे लागलेला फोन तिथल्या तिथे कळतो.

शेवटी कागदपत्रं. नाव पक्कं झाल्याशिवाय लायसन्सचा अर्ज भरू नका. लायसन्स, जीएसटी, बँक खातं आणि बिल, चारही ठिकाणी नाव अक्षरशः एकच लागतं, नंतर बदलायचं म्हटलं तर सगळीकडे फेऱ्या. अर्ज इंग्रजीत असतात, तिथे MASTAR MEDICAL असं लिहा. सायबर कॅफेतला मुलगा तुमची चूक समजून ते MASTER करून टाकेल. मग बिलावर 'मास्टर' येईल, मोबाइलच्या नकाशावर 'मास्टर' येईल, आणि पुण्याहून आईची औषधं फोनवरून मागवणाऱ्या मुलाला मास्तरांचं मेडिकल काही सापडणार नाही. सबमिट करण्याआधी स्वतः एकदा वाचा.